सिम चालू, तरी ‘फक्त आणीबाणी कॉल’ : मामांच्या फोनाच्या नोंदी

७ जुलै

मासेमारीबंदीमुळे मामांची होडी शाकारून किनाऱ्यावर ठेवलेली आहे, आणि १ ऑगस्टला बंदी उठण्यापूर्वी त्यांचा फोन दुरुस्त करून देण्याचे मी मान्य केले आहे. फोन चार वर्षे वापरलेला, दोन सिमचा, साधा अँड्रॉइड आहे. गेल्या पंधरा दिवसांपासून घरी त्याच्या पडद्यावर कंपनीचे नाव येत नाही, फक्त `Emergency calls only` दिसते. मामा म्हणाले, “सिम बरा आसा गो, दुसऱ्या फोनात चलता. मगे ह्या फोनाक काय झाला?” हे वाक्य मी त्याच दिवशी नीट ऐकायला हवे होते. ते का, हे पुढच्या नोंदीत येईल.

आज एवढेच पाहिले की फोन सिम वाचतो की नाही. सिमच वाचता येत नसेल तर बहुतेक फोन सिम नसल्याचे स्पष्ट सांगतात, पण तेवढ्यावर विसंबू नये. सेटिंगमध्ये सिमच्या नावाखाली कंपनीचे नाव दिसत होते आणि सिमवर साठवलेले जुने नंबर उघडत होते, म्हणजे सिमच्या चकत्या आणि खाच यांचा स्पर्श व्यवस्थित होता. सिम पहिल्या खाचेतून दुसऱ्या खाचेत टाकूनही संदेश तोच राहिला. रिचार्जची मुदत संपायला चाळीस दिवस शिल्लक होते.

या संदेशाचा नेमका अर्थ आधी लिहून ठेवते, कारण पुढचे सगळे त्यावरच उभे आहे. कोणताच टॉवर ऐकू येत नसेल तर फोन सेवा नसल्याचे दाखवतो. ‘फक्त आणीबाणी कॉल’ तेव्हा दिसते, जेव्हा फोनाला कोणत्या तरी कंपनीचा टॉवर ऐकू येत असतो, पण स्वतःच्या कंपनीकडे त्याची नोंदणी झालेली नसते. अशा फोनावरून ११२ हा नंबर परक्या कंपनीच्या टॉवरवरूनही जाऊ शकतो, मात्र नोंदणीच नसल्यामुळे पलीकडून परत फोन येऊ शकत नाही. समुद्रावर जाणाऱ्या माणसाच्या दृष्टीने हा फरक मोठा आहे, आणि तो मी मामांना समजावून सांगितला. चाचणी म्हणून ११२ लावून पाहू नये, हेही सांगितले.

८ जुलै

आजचा दिवस वाया गेला आणि चूक माझी होती. सिम जुने आहे, खराब झाले असेल, असे मनाशी धरून मी मामांना घेऊन एस.टी.ने देवगडला गेले आणि त्याच नंबरचे नवीन सिम काढले. सिमचे पन्नास रुपये, दोघांचे जाण्यायेण्याचे भाडे आणि पावसात उभे राहून काढलेले चार तास, एवढा खर्च झाला. नवीन सिम संध्याकाळी सुरू झाले आणि मामांच्या फोनात घालताच पुन्हा तोच संदेश आला.

त्याहून वाईट म्हणजे, सिम बदलल्यावर त्या नंबरावरचे एसएमएस चोवीस तास बंद ठेवण्याचा नियम आहे. फसवणूक टाळण्यासाठी तो योग्यच आहे, पण मामांना त्याच संध्याकाळी डिझेलचे पैसे बँकेतून वळते करायचे होते आणि त्यासाठीचा ओटीपी येऊ शकला नाही. जुने सिम दुसऱ्या फोनात चालते, हे मामांनी पहिल्याच वाक्यात सांगितले होते. ते मी स्वतः पाच मिनिटांत पडताळले असते तर ही फेरी टळली असती.

१० जुलै

आज अदलाबदलीच्या चाचण्या केल्या. प्रत्येक चाचणीच्या आधी फोन पूर्ण बंद करून पुन्हा सुरू केला. हे कंटाळवाणे असले तरी आवश्यक आहे, कारण कंपनीने काही विशिष्ट कारणांनी नोंदणी नाकारली की फोन ते लक्षात ठेवतो आणि बंद करून सुरू करेपर्यंत किंवा सिम काढून घालेपर्यंत पुन्हा विचारतच नाही. तसे न करता घेतलेला निकाल मागच्या चाचणीचा असू शकतो.

मामांचे सिम माझ्या फोनात घातले, तर अर्ध्या मिनिटात कंपनीचे नाव आले आणि फोन लागला. माझे सिम दुसऱ्या कंपनीचे आहे. ते मामांच्या फोनात घातले, तर तेही चालले. या दोन निकालांवरून मी लगेच निष्कर्ष काढला की सिम चांगले आहे, फोनही चांगला आहे आणि म्हणून दोष सेटिंगमध्ये असणार. हा निष्कर्ष चुकीचा निघाला, पण तो किती सहज काढला जातो हे दिसावे म्हणून तसाच लिहून ठेवते आहे.

खरे म्हणजे तिसरी चाचणी राहिली होती. मामांच्याच कंपनीचे दुसऱ्या कोणाचे तरी, चालू असलेले सिम मामांच्या फोनात घालून पाहायचे. रात्री मामी देवळातून परत आल्यावर त्यांचे सिम घेऊन ते केले. तोच संदेश आला. म्हणजे मामांच्या खात्यात किंवा सिममध्ये दोष नव्हता. हा फोन आणि ही कंपनी या जोडीतच काहीतरी बिनसले होते.

११ जुलै

सेटिंगचा संशय फिटावा म्हणून संध्याकाळी ते सगळे एकदाचे करून टाकले. विमान मोड लावून काढला. नेटवर्कची निवड ‘आपोआप’ आहे याची खात्री केली. नेटवर्कचा प्रकार फक्त एकाच पिढीवर अडकलेला नाही हे पाहिले, कारण कोणी चुकून तो फक्त २जीवर ठेवला आणि कंपनीकडे २जी नसेल तर नेमका हाच संदेश येतो. शेवटी नेटवर्क सेटिंग पूर्ववत केल्या. त्यामुळे वायफायचे पासवर्ड आणि मच्छी मोजण्याच्या काट्याची ब्लूटूथ जोडणी पुसली गेली, आणि काटा पुन्हा जोडायला तासभर गेला. फायदा काहीच झाला नाही. पुढे कोणी हे करणार असेल तर वायफायचे पासवर्ड आधी कागदावर उतरवून घ्यावेत.

फोनाचा ओळख क्रमांक, म्हणजे आयएमईआय, हाही तपासला. तो असा दिसतो:

```
*#06#
```

दोन्ही क्रमांक खोक्यावरच्या क्रमांकांशी जुळले. क्रमांकाच्या जागी नुसती शून्ये दिसली किंवा काहीच दिसले नाही, तर फोनाचे आतले सॉफ्टवेअर बिघडले आहे असे समजावे. नंतर माझ्या फोनावरून `KYM`, मग एक जागा सोडून पंधरा आकडी क्रमांक असा एसएमएस 14422 वर पाठवला. फोन वैध असल्याचे उत्तर आले. तसेही, चोरीच्या नोंदीवरून बंद केलेला क्रमांक सगळ्याच कंपन्यांकडे बंद होतो आणि इथे तर माझ्या कंपनीचे सिम चालत होते. म्हणजे ही शंका कालच्याच चाचणीवरून बाजूला ठेवता आली असती.

१३ जुलै

आज पहिल्यांदा योग्य प्रश्न सुचला. नोंदणी होत नाही, हे परिणाम म्हणून खरे आहे, पण ती तीन वेगवेगळ्या ठिकाणी अडू शकते. फोनाला स्वतःच्या कंपनीचा टॉवर ऐकूच येत नसेल. किंवा ऐकू येत असेल, फोन विचारत असेल आणि कंपनी नाही म्हणत असेल. किंवा ऐकू येत असेल, पण फोनाची हाक टॉवरपर्यंत पोहोचतच नसेल. पडद्यावर तिन्हींचा संदेश एकच येतो. माझ्या डोक्यात आतापर्यंत पहिल्या दोनच शक्यता होत्या.

हे वेगळे करण्याचा मार्ग जवळजवळ प्रत्येक अँड्रॉइड फोनात असतो. नेटवर्कची ‘आपोआप’ निवड बंद केली की फोन आसपासच्या कंपन्या शोधून यादी दाखवतो. या शोधाला दोन-तीन मिनिटे लागतात. मामांच्या घराच्या पडवीत उभी राहून ही यादी काढली. त्यात मामांच्या कंपनीचे नाव होते. म्हणजे टॉवर ऐकू येत होता आणि पहिली शक्यता गेली. मग यादीतील त्या नावावर बोट ठेवले आणि घड्याळ लावून बसले.

कंपनी नकार देते तेव्हा उत्तर एक-दोन सेकंदांत येते, कारण नकार देण्यासाठी टॉवरने फोनाचे ऐकलेले असते. इथे तसे झाले नाही. वर्तुळ फिरत राहिले, मिनिटाहून अधिक वेळ गेला, आणि मग ‘सध्या जोडता येत नाही, नंतर प्रयत्न करा’ अशा अर्थाचा संदेश आला. तीन वेळा केले, तिन्ही वेळा तसेच झाले. झटपट आलेला नकार आणि उत्तराची वाट पाहून दमलेला फोन, यांतला फरक फक्त घड्याळ सांगते. तो पडद्यावरच्या शब्दांत नाही.

यामुळे आणखी एका गोष्टीचा उलगडा झाला. फोन बंद करून सुरू केला की थोडा वेळ आशा वाटते आणि मग बराच काळ काहीच होत नाही, असे मामा सांगत होते. ४जीमध्ये उत्तर मिळाले नाही तर फोन काही सेकंदांच्या अंतराने पाच वेळा प्रयत्न करतो आणि मग सामान्यतः बारा मिनिटे गप्प राहतो. कंपनी ही मुदत बदलू शकते. फोन पुन्हा सुरू केला की मोजणी नव्याने होते, म्हणून ‘रीस्टार्ट केल्यावर काहीतरी हालचाल होते’ असे वाटते. ती सुधारणा नव्हे.

आणि फोन पाठीमागून कोमट लागत होता. बॅटरी सकाळी भरली तर दुपारी निम्म्यावर येते, ही तक्रार मामांनी वेगळी म्हणून सांगितली होती. उत्तर न मिळालेला फोन आपली हाक वाढवत वाढवत पूर्ण ताकदीवर नेतो. या दोन तक्रारी मुळात एकच होत्या.

१४ जुलै

हाक पोहोचत नाही हा अजून अंदाज होता. तो तपासण्यासाठी पावसाची उघडीप पाहून मी मामांचा फोन आणि माझा फोन घेऊन सड्यावर, म्हणजे वरच्या कातळी माळावर, गेले. मामांच्या कंपनीचा टॉवर वर सड्यावर, आंब्याच्या कलमांच्या बागेपलीकडे आहे. माझ्या कंपनीचा टॉवर खाली बंदराच्या धक्क्याजवळ, मामांच्या घरापासून हाकेच्या अंतरावर आहे. ही साधी भौगोलिक गोष्ट मी पहिल्या दिवशी लक्षात घेतली असती, तर १० जुलैची चाचणी मला फसवू शकली नसती.

माझ्या फोनात मामींचे आणि मामांच्या फोनात मामांचे, अशी एकाच कंपनीची दोन सिम घातली. सड्यावर टॉवरपासून सुमारे दोनशे मीटरवर मामांच्या फोनावर काही सेकंदांत कंपनीचे नाव उमटले आणि मी त्यावरून घरी फोनही लावला. तीन आठवड्यांत प्रथमच लागलेला तो फोन मामींनी उचलला. मग उतारावरून चालत खाली यायला लागले. पहिल्या वळणापर्यंत नाव टिकले. दुसऱ्या वळणावर, जिथे रस्ता चिऱ्याच्या खाणीला वळसा घालून समुद्राकडे वळतो, तिथे नाव गेले आणि तोच जुना संदेश आला. माझ्या फोनावर मात्र घरापर्यंत सगळे ठीक होते.

दोन्ही फोनांवर सिग्नलची ताकद एका मोफत ॲपवर पाहत होते. टॉवरजवळ माझा फोन उणे ६८ डीबीएम आणि मामांचा उणे ७४ दाखवत होता, घराच्या पडवीत माझा उणे ९७ आणि मामांचा उणे १०३. हा आकडा उणे असतो आणि शून्याच्या जितका जवळ तितका सिग्नल जोरदार. सहाचा फरक दोन वेगळ्या फोनांत असू शकतो, आणि उणे १०३वर फोन सहज चालायला हवा. म्हणजे कान शाबूत होते. आवाज गेला होता.

हे कसे शक्य आहे, असा प्रश्न मलाही पडला. त्याचे उत्तर असे की ४जी फोनात ऐकण्यासाठी सहसा दोन अँटेना असतात, एक खाली आणि एक वर, पण बोलण्यासाठी साध्या फोनांत मुख्यतः खालचीच वापरली जाते. खालची बिघडली तर वरची ऐकण्याचे काम चालवून नेते आणि सिग्नलच्या काड्या जवळजवळ पूर्ववत दिसतात. म्हणून काड्यांवरून हा दोष ओळखता येत नाही.

पक्के करण्यासाठी आणखी एक मोजमाप घेतले. माझ्या कंपनीचे सिम मामांच्या फोनात घालून, धक्क्याजवळच्या टॉवरखाली वेग तपासला. माझ्या फोनावर माहिती खाली येण्याचा वेग १८ एमबीपीएस आणि वर जाण्याचा ९ होता. मामांच्या फोनावर खाली येण्याचा १५, पण वर जाण्याचा ०.४. वर जाणारी माहिती म्हणजे फोनाचे बोलणे. परक्या कंपनीचे सिम ‘चालले’ ते केवळ टॉवर जवळ होता म्हणून.

इतका वेळ सिम, कंपनी आणि सेटिंग यांच्यावर घालवल्यावर दोष फोनाच्या खालच्या अँटेनाच्या मार्गात आहे हे कळले, तेव्हा मला अतिशय हलके वाटले.

१६ जुलै

फोन उघडला. मागचे झाकण गोंदाने चिकटवलेले आहे. केस वाळवण्याच्या यंत्राने कडा गरम करून, प्लास्टिकच्या पातळ पत्तीने वीस मिनिटांत सोडवले. सगळ्यात आधी बॅटरीची जोडणी काढली. हे केल्याशिवाय आत काहीही करू नये.

अशा फोनांत मुख्य बोर्ड वर असतो, चार्जिंगची खाच असलेला छोटा बोर्ड खाली असतो, आणि खालच्या अँटेनापर्यंत रेडिओ नेण्यासाठी दोहोंच्या मध्ये एक बारीक, दोऱ्याएवढी जाड काळी वायर असते. तिच्या दोन्ही टोकांना तांदळाच्या दाण्यापेक्षा लहान, गोल, दाबून बसवायची टोपी असते. वरची टोपी सोनेरी आणि स्वच्छ होती. खालच्या टोपीच्या कडेने हिरवट पांढरी बुरशीसारखी कड धरली होती, जशी ती तांब्याच्या जुन्या भांड्याला खाऱ्या हवेत धरते. भिंग लावून पाहिल्यावर टोपीखालच्या बोर्डावरही तोच थर दिसला. शेजारची पाणी लागल्याची खूण सांगणारी पांढरी चकती लाल झाली होती. फोन पाण्यात पडला नव्हता, असे मामा शपथेवर सांगतात, आणि माझा त्यावर विश्वास आहे. होडीवर ओल्या हातांनी चार्जिंगची खाच वर्षानुवर्षे हाताळली की खारे पाणी तिथून आत जाते, आणि ही टोपी त्या खाचेपासून बोटभर अंतरावरही नाही.

मल्टिमीटरने वायरची सलगता पाहिली. मधल्या तारेच्या एका टोकापासून दुसऱ्यापर्यंत अर्ध्या ओहमपेक्षा कमी, म्हणजे वायर अखंड. मग मधली तार आणि बाहेरची जाळी यांच्यात मोजले, तर तिथेही जोडणी दिसली, आणि वायर आत शॉर्ट झाली आहे असे मी ठरवून टाकले. ती चूक होती, कारण वायरचे वरचे टोक मी अजून बोर्डावरून काढलेले नव्हते. बोर्डावरचा अँटेनाचा मार्ग थेट प्रवाहाच्या दृष्टीने जाळीशीच जोडलेला असू शकतो, त्यामुळे तसे मोजून काहीच कळत नाही. दोन्ही टोके सुटी करूनच हे मोजावे.

सुटी वायर मोजली तेव्हा मधली तार आणि जाळी यांच्यात काहीच जोडणी असायला नको होती, पण मीटर काही हजार ओहम दाखवत होते आणि आकडा स्थिर नव्हता. खारट ओलावा टोपीतून वायरच्या आत शिरला होता. मीटरने सलगता चांगली दाखवली म्हणून वायर रेडिओसाठी चांगली ठरत नाही, हे इथे प्रत्यक्ष दिसले.

तरीही आधी साफ करून पाहिले. ९९ टक्क्यांच्या आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये मऊ ब्रश बुडवून बोर्डावरचा आणि टोपीचा थर काढला, अर्धा तास वाळवले आणि टोप्या बोटाने सरळ खाली दाबून बसवल्या. नीट बसली की बारीक टक् असा आवाज येतो. झाकण न चिकटवता बॅटरी जोडून फोन सुरू केला. घराच्या पडवीत कंपनीचे नाव आले. चार मिनिटे टिकले, गेले, पुन्हा आले. वर जाणारा वेग ०.४वरून १.५ झाला. दिशा बरोबर होती, पण दुरुस्ती पुरी झाली नव्हती.

दुसऱ्यांदा टोपी काढताना मी धातूचा चिमटा वापरला आणि टोपीची कडा वाकली. आता ती टक् करून बसत नाही. प्लास्टिकची पत्ती हाताशी असताना हे केले, याचे मला वाईट वाटते. वायर बदलावी लागणार होतीच, पण आता फोन मधल्या काळात पूर्ण निकामी झाला.

१७ जुलै

वायर मागवली. या वायरची लांबी आणि टोपीचा आकार फोनाप्रमाणे बदलतो. थोडी लांब वायर खाचेत बसत नाही, झाकणाखाली चेपली जाते, आणि लहान आकाराच्या टोपीसाठीच्या जागी मोठी टोपी बसतच नाही. जुनी वायर सरळ करून पट्टीवर मोजली, ११८ मिलिमीटर भरली. मॉडेलच्या नावाने शोधून तीच लांबी असलेली घेतली. वायर एकशे ऐंशी रुपये आणि पाठवणीचे साठ.

२३ जुलै

पावसामुळे टपाल एक दिवस उशिरा आले. वायर बसवायला दहा मिनिटे लागली. बसवण्यापूर्वी नवीन वायर सुटी असतानाच मोजली. टोकापासून टोकापर्यंत जोडणी, मधली तार आणि जाळी यांच्यात काही नाही. बोर्डावरची खालची बैठक पुन्हा एकदा अल्कोहोलने पुसली.

झाकण चिकटवण्यापूर्वी १४ जुलैच्याच चाचण्या त्याच जागी पुन्हा केल्या. धक्क्याजवळ वर जाणारा वेग ८ एमबीपीएस मिळाला, माझ्या फोनाच्या ९च्या जवळ. पडवीत मामांचे सिम घालून फोन सुरू केला, तेव्हा कंपनीचे नाव अकरा सेकंदांत आले. दोन तास फोन पडवीतल्या बाकावर ठेवला. नाव एकदाही गेले नाही आणि पाठ थंड राहिली. सिग्नलचा आकडा उणे १०० झाला, म्हणजे फक्त तीनाचा फरक पडला. आधीच्या उणे १०३वर फोन निकामी होता आणि उणे १००वर तो उत्तम चालतो, हे पाहिले की केवळ त्या आकड्यावर विसंबून निदान का करू नये हे पटते.

झाकण नवीन दुहेरी टेपने चिकटवले. मूळचा गोंद सुटल्यामुळे पाण्याला जो काही थोडा अटकाव होता तोही आता राहिलेला नाही. म्हणून होडीवर फोन तोंड बांधायच्या जलरोधक पिशवीतच ठेवायचा आणि ओली खाच चार्जरला लावायची नाही, असे मामांकडून कबूल करून घेतले. अल्कोहोल, टेप, वायर आणि पाठवणी मिळून पाचशेच्या आत खर्च आला. ८ जुलैचा व्यर्थ खर्च वेगळा.

२९ जुलै

मामांचा फोन दुरुस्त झाल्याचे ऐकून वाडीतील एक मुलगा त्याचा फोन घेऊन आला. महिन्यापूर्वी कोणाकडून तरी जुना विकत घेतलेला, आणि आठवड्यापासून पडद्यावर अगदी हाच संदेश. त्याने येतानाच विचारले की अँटेनाची वायर किती रुपयांना पडेल. फोन उघडण्याऐवजी आधी यादी काढली. त्याची कंपनी यादीत होती. नावावर बोट ठेवले, आणि दोन सेकंदांच्या आत नकार आला. फोन बंद करून, सुरू करून पुन्हा केले, तेवढ्याच वेळात तेच. माझ्या आणि मामींच्या, म्हणजे वेगवेगळ्या कंपन्यांच्या सिमनाही तसाच झटपट नकार मिळाला, धक्क्याजवळच्या टॉवरखालीसुद्धा. त्याचे सिम माझ्या फोनात चालले.

टॉवर फोनाचे ऐकत होता आणि सगळ्या कंपन्या नाही म्हणत होत्या. 14422 वर क्रमांक पाठवल्यावर तो काळ्या यादीत असल्याचे उत्तर आले. मूळ मालकाने तो हरवल्याची किंवा चोरीची नोंद केलेली असणार. यात दुरुस्त करण्यासारखे काही नाही, आणि क्रमांक बदलून देणारे कोणी भेटले तरी तो गुन्हा आहे, हे त्याला नीट सांगितले. विकणाऱ्याकडून पैसे परत मागण्यासाठी ते उत्तर जपून ठेवायला सांगितले, आणि त्याच्या घरच्यांना घेऊन पोलीस ठाण्यात फोन जमा करण्याचा सल्ला दिला. या सगळ्याला पंधरा मिनिटे लागली. मामांच्या फोनाला मला सोळा दिवस लागले होते.

३ ऑगस्ट

मामांची होडी परवा पाण्यात उतरली. आज पहाटे किनारा दिसेनासा होण्याच्या आधी त्यांनी मामींना फोन केला आणि फोन सड्यावरच्या टॉवरवरूनच लागला. परत आल्यावर मी फोन मागून घेतला, पिशवीतून काढला आणि चार्जिंगच्या खाचेत कापसाचे टोक फिरवून पाहिले. ते कोरडे निघाले. बॅटरी संध्याकाळी पाच वाजता एकसष्ट टक्के होती.